अमेरिकेत एमएस: विद्यापीठाने सक्तीचा आरोग्य विमा लावलाय, नवऱ्याच्या कंपनीचा विमा असताना वेव्ह करता येईल का?

मृदगंध | २१ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार. मी मूळची नाशिकची. मे महिन्यात लग्न झालं, नवरा न्यू जर्सीत एच-वन-बीवर आहे. मला टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळालाय आणि माझा एफ-वन व्हिसा स्वतंत्र आहे. काल पोर्टलवर फीचं बिल आलं. त्यात ट्यूशनच्या खाली आरोग्य विम्याचे वर्षाचे २,८८० डॉलर आपोआप लावलेत. मी कुठेही 'हवा' म्हणून टिक केलेलं नाही.

लग्नानंतर ३० दिवसांच्या आत नवऱ्याने मला त्याच्या कंपनीच्या विम्यात घेतलंय. त्यासाठी त्याच्या पगारातून महिन्याला २६५ डॉलर जास्त कापले जातात. म्हणजे विमा आहेच, मग दोनदा पैसे का भरायचे? पोर्टलवर विद्यापीठाच्या विम्यातून सूट मागायचा 'वेव्हर' नावाचा फॉर्म दिसतो, शेवटची तारीख ऑगस्टअखेरची आहे. कोणी भरलाय का? आणि पुढे दवाखान्यात जायची वेळ आली तर क्लेम नक्की कोण करतं, आपण की दवाखाना? आपल्याकडच्या कॅशलेससारखं असतं का?

---

कोथरूडकर_काका | २१ जुलै, रात्री ११:२५

विमा हवाच, अमेरिकन सरकारचा तसा नियम आहे. त्याशिवाय व्हिसा टिकत नाही. पण विद्यापीठाचाच घ्यायची गरज नाही. माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी पुण्यातूनच एका भारतीय कंपनीची विद्यार्थी पॉलिसी घेतली, वर्षाला साधारण ३८ हजार रुपये. वेव्हरचा फॉर्म भरला, चार दिवसांत मंजूर. लाख-दीड लाख रुपये वाचले. तुम्हीही तेच करा, नवऱ्याचा पगार कशाला कापून घेता?

---

बिलिंगवाली | २२ जुलै, सकाळी ७:१०

काका, मुलाचं काम झालं हे चांगलं झालं, पण दोन गोष्टी दुरुस्त करते. मी ओहायोत एका हॉस्पिटलच्या बिलिंग खात्यात अकरा वर्षं आहे, विद्यार्थ्यांची बिलं रोज हातातून जातात.

एफ-वनवाल्यांना विमा घ्यायला सरकार सांगत नाही. सरकारचा नियम जे-वनवाल्यांसाठी आहे. त्यांना प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलरचं संरक्षण लागतं, शिवाय आजारी माणसाला मायदेशी हलवायला ५० हजार आणि मृतदेह पाठवायला २५ हजार. एफ-वनला सक्ती करतं ते विद्यापीठ, आणि म्हणूनच अटीही प्रत्येक विद्यापीठाच्या वेगळ्या. काकांच्या मुलाच्या विद्यापीठाला भारतीय पॉलिसी चालली. पुष्कळ ठिकाणी चालत नाही, कारण ते चार गोष्टी बघतात: क्लेम भरणारं कार्यालय अमेरिकेत आहे का, आधीपासूनचे आजार आणि मानसिक आरोग्य धरलंय का, एका आजाराला कमाल रकमेचं कुंपण आहे का, आणि कॅम्पसच्या आसपास नेटवर्कमधले डॉक्टर आहेत का. स्वस्त पॉलिसी बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला अडते.

मृदगंध, तुझी अडचण चौथ्या प्रश्नाला येईल असं वाटतं. नवऱ्याच्या विमा कार्डावर कोपऱ्यात पीपीओ, एचएमओ, ईपीओ यांपैकी काय छापलंय ते बघून सांग.

---

टिळकरोड | २२ जुलै, सकाळी ९:०२

चांगला धागा. माझे आईवडील ऑक्टोबरमध्ये डॅलसला येतायत, वडिलांना बीपी आहे. त्यांच्यासाठी भारतातून घ्यावा की इथून? वेव्हर त्यांनाही लागतो का?

---

बिलिंगवाली | २२ जुलै, सकाळी ९:४०

टिळकरोड, तो प्रवासी विमा, त्याचा विद्यापीठाशी संबंध नाही, त्यामुळे वेव्हरचा प्रश्न येत नाही. वेगळा धागा काढा, तिथे बीपीबद्दल लिहिते. त्यात बरंच सांगण्यासारखं आहे.

---

मृदगंध | २२ जुलै, संध्याकाळी ८:१५

ताई, कार्डाचा फोटो मागवला. ईपीओ लिहिलंय. डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम, माझ्या एकटीचं २,००० आहे. विद्यापीठाच्या विम्याचं ४०० दिसतंय. काल रात्रीच मी वेव्हर भरून टाकला होता. कार्डाच्या दोन्ही बाजू आणि कंपनीचं पत्र जोडलं. आज उत्तर आलं, नामंजूर. कारण: "कॅम्पसपासून ५० मैलांच्या आत नेटवर्क उपलब्ध नाही." पण विमा कंपनी तर देशभर नाव असलेली मोठी आहे! हे अपील करण्यासारखं आहे ना?

---

बिलिंगवाली | २२ जुलै, रात्री १०:३०

कंपनी देशभरची असली तरी तुमचा प्लॅन देशभरचा असेलच असं नाही. एकाच कंपनीचे वीस-पंचवीस प्लॅन असतात आणि प्रत्येकाचं डॉक्टरांचं जाळं वेगळं. ईपीओमध्ये जाळ्याबाहेर गेलात तर फक्त इमर्जन्सी भरतात, बाकी शून्य. नवऱ्याचं जाळं न्यू जर्सीच्या आसपासचं दिसतंय. समज, टेक्सासमध्ये तुझा गुडघा मुरगळला, चार दिवसांनी दुखणं वाढलं आणि एमआरआय सांगितला. ती इमर्जन्सी नाही. ईपीओ एक डॉलरही देणार नाही. त्यामुळे विद्यापीठाने नाही म्हटलं ते बरोबरच आहे.

पडताळून बघायचं असेल तर विमा कंपनीच्या साइटवर 'डॉक्टर शोधा' मध्ये जा, प्लॅनचं नाव जसंच्या तसं निवड आणि कॅम्पसचा झिप कोड टाक. यादी रिकामी आली तर अपिलात वेळ घालवू नकोस. यादीत बरेच डॉक्टर निघाले तर त्याच पानाचा प्रिंट काढून अपील कर. अशी अपिलं मंजूर झालेली मी पाहिली आहेत, कारण पहिली तपासणी पुष्कळदा संगणकच करतो आणि प्लॅनचं नाव चुकीचं वाचतो.

आता पैशांचा हिशेब. नवऱ्याच्या पगारातून २६५ गुणिले १२ म्हणजे ३,१८०. हे करपूर्व कापले जातात. २२ टक्क्यांचा केंद्रीय कर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे साडेसात टक्के धरले तर खिशातून साधारण २,२५० जातात. विद्यापीठाचा २,८८०. म्हणजे कागदावर नवऱ्याचा ६३० नी स्वस्त. पण त्याचं डिडक्टिबल १,६०० नी मोठं. वर्षात एकदा खरा खर्च निघाला की ते ६३० गेलेच. आणि तुझ्या बाबतीत तर टेक्सासमध्ये तो विमा चालतच नाही. मी तुझ्या जागी असते तर विद्यापीठाचा ठेवला असता आणि नवऱ्याच्या विम्यातून बाहेर पडले असते.

---

दख्खनी | २३ जुलै, दुपारी १:२०

मी थोडं वेगळं म्हणतो. माझ्या बायकोच्या वेळी आम्ही पहिलं सेमिस्टर विद्यापीठाचा विमा ठेवला. नोव्हेंबरमध्ये माझ्या कंपनीचं ओपन एनरोलमेंट आलं तेव्हा मी देशभराच्या नेटवर्कचा पीपीओ घेतला, तो १ जानेवारीपासून लागू झाला आणि स्प्रिंगला वेव्हर मंजूर झाला. तिच्या विद्यापीठात विमा सेमिस्टरनिहाय लावतात म्हणून हे जमलं. वर्षाचा एकदम लावत असतील तर जमणार नाही, ते आधी विचारा. आणि वेव्हर दर वर्षी पुन्हा भरावा लागतो, एकदा भरला की झालं असं नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाने दुसऱ्या वर्षी तारीख चुकवली आणि पूर्ण रक्कम भरावी लागली.

---

बिलिंगवाली | २३ जुलै, रात्री ९:५०

दख्खनी यांचा मार्ग चांगला आहे. पण मृदगंध, एच-वन-बीच्या घरात एक धोका डोक्यात ठेव. नोकरी गेली तर कंपनीचा विमा त्या दिवशी किंवा महिनाअखेरीस संपतो. कोब्रा घेऊन १८ महिन्यांपर्यंत तोच विमा चालू ठेवता येतो, पण तेव्हा कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर २ टक्के. आपण वेव्ह केलेलं असेल तर विद्यापीठाच्या विम्यात अधेमधे परत शिरायला साधारण ३० दिवसांचीच खिडकी असते, आणि त्यासाठी आधीचा विमा संपल्याचं पत्र लागतं. मुलं त्या धांदलीत हे विसरतात. दीड महिन्याने माझ्या काउंटरवर येतात तेव्हा दोन्ही दारं बंद झालेली असतात.

---

गार्गी_म्युनिक | २३ जुलै, रात्री ११:०५

जर्मनीत उलटी गत आहे. इथे सरकारी विमा सक्तीचा, आणि खाजगी घेण्यासाठी त्यातून सूट मागता येते. पण एकदा सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत सरकारी विम्यात परत जाता येत नाही. मी पहिल्या सेमिस्टरला स्वस्त पडतो म्हणून सूट घेतली. पुढे थायरॉइड निघालं आणि त्या स्वस्त पॉलिसीने हात वर केले. अमेरिकेत निदान दर वर्षी निर्णय बदलता येतो, हे वाचून हेवा वाटला.

---

स्वप्नील८७ | २४ जुलै, सकाळी ६:३०

क्लेमबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून माझी गोष्ट सांगतो. मिशिगनमध्ये दुसऱ्या सेमिस्टरला अपेंडिक्स झालं. रात्री दोन वाजता इमर्जन्सीत गेलो, सकाळी ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. विमा विद्यापीठाचा. कार्ड दाखवलं, त्यांनी झेरॉक्स काढली. क्लेम हॉस्पिटलनेच पाठवला, मला काही करावं लागलं नाही. आपल्याकडे जसं टीपीएची मंजुरी येईपर्यंत डिस्चार्ज अडतो तसं इथे काही झालं नाही. मला वाटलं, झालं.

तीन आठवड्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं. मला जाहिरात वाटली, फेकून दिलं. दोन महिन्यांनी हॉस्पिटलचं बिल: ३८,४०० डॉलर. मी अक्षरशः जिन्यावर बसलो. बाबांना फोन करायचीही हिंमत होईना. शेवटी विमा कंपनीला फोन केला तेव्हा कळलं की त्या पत्रात एकच प्रश्न होता: "तुमचा दुसरा कुठला विमा आहे का?" उत्तर आलं नाही म्हणून क्लेम नाकारला होता. फोनवरच 'नाही' सांगितलं, दहा मिनिटांत नोंद झाली. क्लेम पुन्हा चालवला गेला आणि माझ्या वाट्याला ३,२४० आले. ते कसे आले हे मला आजही नीट सांगता येणार नाही. शिवाय भूल देणाऱ्या डॉक्टरचं वेगळं १,९०० चं बिल आलं, कारण तो म्हणे नेटवर्कबाहेरचा होता. ते मी भरून टाकलं.

---

बिलिंगवाली | २४ जुलै, रात्री १०:२०

स्वप्नील, वाचून वाईट वाटलं. यात काही पैसे तू भरायला नको होतेस. प्रवेश आणि ऑपरेशन कोणत्या वर्षी झालं? विम्याचं डिडक्टिबल आणि टक्केवारी आठवते का?

---

स्वप्नील८७ | २५ जुलै, सकाळी ७:००

२०२३चा मार्च. डिडक्टिबल ५००, मग २० टक्के माझे. कागदावर 'अलाउड' म्हणून १४,२०० लिहिलं होतं.

---

बिलिंगवाली | २५ जुलै, रात्री ९:३०

मग हिशेब बरोबर बसतो. ३८,४०० हा हॉस्पिटलचा छापील भाव. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलचा विमा कंपनीशी करार असतो, त्यानुसार खरी किंमत १४,२००. मधले २४,२०० कोणीच भरत नाही. १४,२०० मधून आधी तुझे ५०० गेले, उरले १३,७००. त्यांचे २० टक्के २,७४०. मिळून ३,२४०.

हे सगळं ईओबी नावाच्या कागदावर किंवा पोर्टलवर लिहिलेलं असतं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं, म्हणून मुलं वाचतच नाहीत. मृदगंध, एक सवय लाव: हॉस्पिटलचं बिल आलं की आधी ईओबी शोध. त्यावरची 'तुमची जबाबदारी' ही रक्कम आणि बिलाची रक्कम जुळली तरच भर. ईओबी आलाच नसेल तर क्लेम कुठेतरी अडकलाय. बहुतेक वेळा स्वप्नीलसारखाच, दुसऱ्या विम्याच्या किंवा 'हा अपघात होता का' या प्रश्नाच्या उत्तरावाचून.

भूलतज्ज्ञाचं बिल. १ जानेवारी २०२२ पासून 'नो सरप्रायझेस' कायदा लागू आहे. इमर्जन्सीत, किंवा नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात आपल्याला न विचारता आलेल्या भूलतज्ज्ञाला नेटवर्कबाहेरचा म्हणून वरचे पैसे मागता येत नाहीत. तुझ्याकडून फक्त नेटवर्कच्या दराने निघणारा वाटा घ्यायला हवा होता. हॉस्पिटलला आणि विमा कंपनीला आजही लिहून बघ, परताव्याची खात्री मात्र देता येत नाही. रस्त्यावरची अँब्युलन्स या कायद्यात नाही, तिचं बिल पूर्ण अंगावर येऊ शकतं.

आणि हॉस्पिटल ना-नफा असेल तर त्यांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. पहिलं बिल आल्यापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घेतात. विद्यार्थ्याचं उत्पन्न बघता ३,२४० मधलेही बरेच माफ होऊ शकतात. विद्यार्थी मागत नाहीत आणि काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

---

मृदगंध | २६ जुलै, दुपारी ३:४५

ताई, ईओबीचं लिहून ठेवलं. झिप कोड टाकून बघितलं, यादीत एकही डॉक्टर नाही. तेव्हा अपील करत नाही. विद्यापीठाचा ठेवतेय. पण आता दोन्ही विमे काही दिवस एकत्र असतील. तेव्हा आधी कुठला भरणार? आणि फीच्या बिलात 'हेल्थ फी' म्हणून वेगळे १४० डॉलर आहेत, ती चूक आहे का?

---

बिलिंगवाली | २६ जुलै, रात्री १०:००

हेल्थ फी चूक नाही. ती कॅम्पसच्या दवाखान्याची, विमा वेव्ह झाला तरी सुटत नाही. तिचा उपयोग कर. पुष्कळ विद्यार्थी विम्यांत बाहेरच्या तज्ज्ञाकडे जाण्याआधी कॅम्पसच्या दवाखान्याचं रेफरल लागतं. इमर्जन्सीला नाही, पण त्वचारोगतज्ज्ञ, हाडांचा डॉक्टर, यांना हवं. रेफरलशिवाय गेलेल्याचा क्लेम नाकारला की नंतर कॅम्पसचा डॉक्टर मागच्या तारखेचं रेफरल देत नाही. तुझ्या विम्याच्या पुस्तिकेत हा शब्द शोध.

दोन विमे असताना साधारण नियम असा की जिथे आपण स्वतः मुख्य सभासद तो आधी, जिथे आपण कोणाचे अवलंबित तो नंतर. म्हणजे विद्यापीठाचा आधी, नवऱ्याचा नंतर. पण काही विद्यार्थी विम्यांच्या पुस्तिकेत 'दुसरा विमा असेल तर आम्ही नंतर' असंही लिहिलेलं असतं, आणि मग दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. दोघींना फोन करून दुसऱ्या विम्याची माहिती आधीच देऊन ठेव. बाहेर पडायचं असेल तर विद्यापीठाचा विमा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत नवऱ्याने एचआरला कळवावं. तो मुदतीत बोलला नाही तर वर्षअखेरपर्यंत २६५ कापले जातील.

---

कोथरूडकर_काका | २७ जुलै, सकाळी ८:२०

सरकारी नियमाबद्दल मी चुकीचं लिहिलं होतं, दुरुस्तीबद्दल आभार. मुलाची पॉलिसी काढून वाचली. आधीपासूनचे आजार वगळलेत आणि त्याला लहानपणापासून दमा आहे. दोन वर्षं काही झालं नाही हे नशीब म्हणायचं. या वर्षी विद्यापीठाचाच घ्यायला सांगतो.

---

अनघा_डी | २७ जुलै, दुपारी १२:१०

क्लेम नाकारला गेला तर पुढे काय, हेही इथे असू दे. मला त्वचेच्या बायोप्सीचा नाकारला होता, 'वैद्यकीय गरज नाही' म्हणून. नकाराच्या तारखेपासून १८० दिवसांत विमा कंपनीकडेच अपील करायचं असतं. मी डॉक्टरकडून अर्ध्या पानाचं पत्र घेतलं की तीळ वर्षात वाढला म्हणून बायोप्सी केली, आणि आधीच्या भेटीची नोंद जोडली. पाच आठवड्यांत मंजूर. तिथेही नाही म्हणाले तर चार महिन्यांच्या आत कंपनीबाहेरच्या तपासणीसाकडे जाता येतं, त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

आता माझा प्रश्न. डिसेंबरात सुट्टीला पुण्यात असताना डेंग्यू झाला, तीन दिवस अॅडमिट होते. ६४ हजार रुपये आईने भरले. डिस्चार्ज कार्ड, पॅथॉलॉजीचे रिपोर्ट, प्रत्येक बाबीचं वेगळं बिल आणि पैसे भरल्याची पावती माझ्याकडे आहे. विद्यापीठाच्या विम्याकडे मागता येतात का? वर्षाची मुदत संपायला पाच महिने आहेत.

---

बिलिंगवाली | २७ जुलै, रात्री ९:१५

अनघा, इथे क्लेम स्वतःच करायचा. फॉर्म विम्याच्या साइटवर मिळेल. रक्कम रुपयांतच लिही, कुठल्या दिवशीचा विनिमय दर ते ठरवतील. डिस्चार्ज कार्डावर निदान इंग्रजीत आणि वाचता येईल असं हवं. हाताने लिहिलेलं असेल तर हॉस्पिटलकडून टाइप केलेलं शिक्क्यासह मागून घे.

पण आधी एक बघ. काही विद्यार्थी विमे परदेशातले उपचार भरतात, मात्र आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याच्या मायदेशातले वगळतात. पुस्तिकेच्या शेवटी वगळलेल्या बाबींच्या यादीत 'होम कंट्री' शोध.

---

अनघा_डी | २८ जुलै, सकाळी १०:३०

ताई, पुस्तिकेत 'होम कंट्री' हे शब्दच नाहीत. परदेशातल्या उपचारांबद्दल एकच ओळ आहे, 'नेटवर्कबाहेरच्या दराने भरले जातील'. म्हणजे नेटवर्कबाहेरचा माझा वाटा धरून ६४ हजारांतले ४० टक्के मला सोडावे लागतील असं दिसतंय. आईला आज हॉस्पिटलमध्ये टाइप केलेलं डिस्चार्ज कार्ड आणायला पाठवलंय. ते हाती आलं की फॉर्म भरते, उत्तर आलं की इथेच लिहीन.

---

मृदगंध | २८ जुलै, रात्री ११:००

नवऱ्याने एचआरला मेल केला. त्यांचं म्हणणं, विद्यापीठाचा विमा सुरू झाल्याची तारीख असलेलं पत्र द्या, मग नाव काढू. विद्यापीठाच्या विमा कार्यालयात मागितलं तर ते म्हणतात, फी भरल्यावरच पत्र निघतं. फी ५ ऑगस्टला भरणार आहे. दख्खनी, तुमच्या वेळी कंपनीने कुठलं पत्र स्वीकारलं होतं?